चार भाषा येतात, म्हणून तपासणी लांबवू नका

*माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. मूळचे बेळगावचे, बँकेतून निवृत्त, मराठी, कानडी, हिंदी आणि इंग्रजी अस्खलित बोलतात. गेले आठ-दहा महिने ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, विजेचे बिल दोनदा भरले आणि एकदा स्वारगेटहून घरी येताना रस्ता चुकले. दादाचे म्हणणे असे की अनेक भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होत नाही, झालाच तर पाच वर्षे उशिरा होतो, हे हैदराबादच्या संशोधनात सिद्ध झाले आहे. तेव्हा उगाच डॉक्टरांकडे नेऊन बाबांना घाबरवू नकोस. दुसरे असे की माझ्या ९ वर्षांच्या मुलीसाठी जर्मन भाषेच्या एका वर्गाची जाहिरात आली आहे. नवी भाषा शिकली की मुलांची एकाग्रता वाढते, असे तिच्यात म्हटले आहे. या सगळ्यात खरे किती?*
*— एक वाचक, सहकारनगर, पुणे*

सप्रेम नमस्कार.

आधी निर्णय सांगते आणि कारणे त्यानंतर. वडिलांना येत्या पंधरवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. दादांनी ज्या संशोधनाचा आधार घेतला ते खरे आहे, चांगले आहे आणि त्यातला आकडाही त्यांनी जवळपास बरोबर सांगितला आहे. मात्र त्या आकड्यावरून ‘थांबायला हरकत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. त्या संशोधकांचा सिद्धान्त खरा मानला, तर तुमच्या वडिलांसारख्या माणसाची लहान चूक इतरांच्या तशाच चुकीपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावी लागते. हे उलटे कसे, ते नीट समजून घेण्यासारखे आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील स्मृतिचिकित्सालयात आलेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या, आणि तो अभ्यास २०१३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या ६४८ जणांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. एकच भाषा बोलणाऱ्या रुग्णांमध्ये पहिली लक्षणे दिसली तेव्हाचे सरासरी वय ६१.१ वर्षे होते, तर एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये ते ६५.६ वर्षे होते. साडेचार वर्षांचा फरक म्हणतात तो हाच. त्याआधी २००७ साली टोरांटोच्या एका स्मृतिचिकित्सालयातील १८४ रुग्णांवरून एलन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी सुमारे चार वर्षांचा फरक मांडला होता. परंतु तिथले द्विभाषिक बहुतांशी बाहेरच्या देशांतून येऊन स्थायिक झालेले लोक होते. दूर देशी जाऊन संसार उभा करणारी माणसे मुळातच अधिक निरोगी असू शकतात, ही शंका तिथे राहतेच. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, हिंदी या भाषा त्याच गावच्या, त्याच बाजारातल्या; भाषा शिकायला कोणाला देशांतर करावे लागत नाही. शिवाय कधीही शाळेत न गेलेल्या रुग्णांमध्येही फरक दिसला, त्यामुळे ‘हा परिणाम भाषेचा नसून शिक्षणाचा’ हे उत्तरही पुरेसे ठरले नाही. म्हणून या अभ्यासाचा मान मोठा आहे, आणि तो भारतात झाला याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता त्या अभ्यासात काय नाही, ते पाहू. पहिली गोष्ट अगदी उघड आहे, तरीही पुढे ढकलल्या जाणाऱ्या संदेशांमध्ये ती हमखास गळून पडते: त्या नोंदींतल्या सर्वच्या सर्व ६४८ जणांना स्मृतिभ्रंश झालेला होता. अनेक भाषा बोलणारे ३९१ जणही त्यांतलेच. तेव्हा ‘होत नाही’ हा दादांच्या विधानाचा पहिला भाग त्याच अभ्यासाने खोडला जातो. दुसरे म्हणजे, दोनपेक्षा जास्त भाषा येणाऱ्यांना दोन भाषा येणाऱ्यांहून अधिक लाभ झालेला त्या अभ्यासात आढळला नाही. तुमच्या वडिलांना चार भाषा येतात, म्हणून त्यांचे संरक्षण दुप्पट, असा हिशेब करता येत नाही.

राहिला उशिराचा प्रश्न, आणि इथे जरा थांबावे लागेल. दवाखान्यात आलेल्या रुग्णांचे सरासरी वय हे केवळ रोगावर अवलंबून नसते; ज्या समाजगटातून ते रुग्ण येतात त्या गटात कोणत्या वयाची माणसे किती आहेत, यावरही ते अवलंबून असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका गटात साठीतली १००० आणि सत्तरीतली २०० माणसे आहेत, आणि दुसऱ्या गटात साठीतली १००० आणि सत्तरीतलीही १००० माणसे आहेत. दोन्ही गटांत धोका अगदी सारखा धरू: साठीत शंभरांत दोघांना आणि सत्तरीत शंभरांत दहांना स्मृतिभ्रंश होतो. पहिल्या गटातून साठीतले २० आणि सत्तरीतले २० रुग्ण दवाखान्यात येतील. साठीतल्यांचे वय ६५ आणि सत्तरीतल्यांचे ७५ धरले तर त्यांची सरासरी ७० येते. दुसऱ्या गटातून साठीतले २० आणि सत्तरीतले १०० रुग्ण येतील आणि त्यांची सरासरी ७३ च्या थोडी पुढे जाईल. तीन वर्षांहून अधिक फरक दिसला, आणि धोक्यात मात्र तसूभरही फरक नव्हता. दुसऱ्या गटात म्हातारी माणसे जास्त होती, एवढेच काय ते कारण.

हैदराबादेत नेमके असेच घडले, असे मी म्हणत नाही. त्या संशोधकांनी शिक्षण, व्यवसाय, शहरी किंवा ग्रामीण वास्तव्य, कुटुंबातील रोगाचा इतिहास आणि हृदयरोगाशी निगडित धोके हे सारे हिशेबात धरले होते. परंतु जी माणसे दवाखान्यात आलीच नाहीत त्यांची वये आणि त्यांच्या भाषा त्यांच्या नोंदीत असणे शक्य नव्हते. आजारी माणसांपासून सुरुवात करून मागे पाहणाऱ्या कोणत्याही अभ्यासाला ही मर्यादा राहते. त्यात पहिले लक्षण केव्हा दिसले, हे घरच्यांच्या आठवणीवरून ठरते. ज्या आजींच्या हातात कधी बँकेचे पासबुक दिलेच गेले नाही, त्यांची हिशेबातली चूक घरच्यांना दिसणार तरी कशी?

यावर उपाय म्हणजे उलट दिशेने जाणे. म्हणजे निरोगी वृद्धांपासून सुरुवात करायची, त्यांना किती भाषा येतात ते आधीच लिहून ठेवायचे आणि मग वर्षानुवर्षे त्यांच्या भेटी घेत राहायचे. असे अभ्यास महागडे आणि कंटाळवाणे असतात, पण या प्रश्नावर त्यांचे म्हणणे जास्त वजनाचे आहे. न्यूयॉर्कच्या उत्तर मॅनहॅटनमधील, मूळ भाषा स्पॅनिश असलेल्या १०६७ वृद्ध स्थलांतरितांचा असा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींचा मागोवा तब्बल २३ वर्षांपर्यंत घेतला गेला होता. ज्यांना इंग्रजीही चांगले येत होते त्यांचे स्मरणशक्तीच्या आणि मनावरील नियंत्रणाच्या चाचण्यांतील गुण सुरुवातीलाच अधिक होते. परंतु पुढे गुण घसरण्याचा वेग दोन्ही गटांत वेगळा नव्हता, आणि स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाणही वेगळे निघाले नाही. लंडनच्या नाहीद मुकादम, गिल लिव्हिंगस्टन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अशा पुढे पाहत जाणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांचा धोका एकभाषिकांच्या तुलनेत ०.९६ पट निघाला, आणि त्यातली अनिश्चितता पाहता तो १ म्हणजे ‘फरक नाही’ यापासून वेगळा मानता येत नाही.

यावर असा युक्तिवाद केला जातो की भाषा रोग टाळत नाहीत, फक्त लांबवतात. म्हणून प्रमाण सारखेच दिसणार. हा युक्तिवाद ऐकायला पटतो, पण पूर्ण पटत नाही. स्मृतिभ्रंशाचा धोका साठीनंतर साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होतो. लक्षणे खरोखरच चार-साडेचार वर्षे पुढे जात असतील, तर ठराविक वर्षे मागोवा घेतल्यावर द्विभाषिकांमधले नवे रुग्ण जवळपास निम्मे दिसायला हवेत. इतका मोठा परिणाम पुढे पाहत जाणाऱ्या अभ्यासांच्या नजरेतून सुटणे अवघड आहे. त्यामुळे माझे मत असे की काही लाभ असेलही, परंतु तो साडेचार वर्षांचा असण्याची शक्यता कमी आहे, आणि एखाद्या कुटुंबाने त्यावर विसंबून निर्णय घ्यावा इतका तो भक्कम नक्कीच नाही.

लाभ असेलही, असे मी का म्हणते, हेही सांगितले पाहिजे. नाही तर दादांवर अन्याय होईल. एडिंबरोचे थॉमस बाक आणि सहकारी यांनी २०१४ साली ८५३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांची बुद्धिमापन चाचणी १९४७ साली, ते अकरा वर्षांचे असताना झाली होती आणि सत्तरीत त्यांची पुन्हा चाचणी घेण्यात आली. ‘मुळात हुशार असतात तेच भाषा शिकतात’ हा आक्षेप इथे बालपणीच्या गुणांमुळे बराचसा दूर होतो. दुसरी भाषा येणाऱ्यांचे म्हातारपणीचे गुण त्यांच्या बालपणीच्या गुणांवरून अपेक्षित होते त्यापेक्षा चांगले निघाले. मात्र हे गुण निरोगी वृद्धांच्या चाचण्यांतले आहेत. स्मृतिभ्रंश कोणाला झाला, हे त्या अभ्यासात मोजलेले नाही.

दुसरा पुरावा मेंदूच्या चित्रांचा आहे, आणि तुमच्या वडिलांच्या दृष्टीने मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टोरांटोच्या संशोधकांनी २०१२ साली अल्झायमरच्या ४० रुग्णांचे सीटी स्कॅन तपासले. त्यांत २० एकभाषिक आणि २० द्विभाषिक होते. आजाराची बाहेरून दिसणारी पातळी, म्हणजे चाचण्यांतले गुण, दोन्ही गटांत सारखे होते. स्मृतीशी संबंधित भागांची झीज मात्र द्विभाषिकांमध्ये जास्त निघाली. पुढे २०१७ साली इटलीत डॅनिएला पेरानी आणि सहकाऱ्यांनी जर्मन आणि इटालियन दोन्ही भाषा बोलणाऱ्या रुग्णांच्या पेट स्कॅनमध्ये याच प्रकारची गोष्ट दाखवली. याचा अर्थ असा घेतला जातो की आयुष्यभर वापरात राहिलेल्या मेंदूजवळ काही राखीव क्षमता असते. वाळवीने आतून पोखरलेली सागवानी तुळई जशी बराच काळ घर पेलते, तसा हा मेंदू झीज सोसूनही दैनंदिन व्यवहार पेलत राहतो आणि घरच्यांना काही कळत नाही.

आता हे तुमच्या घरी लावून पाहा. राखीव क्षमतेचा सिद्धान्त खोटा असेल, तर चार भाषांनी वडिलांना काही संरक्षण दिलेले नाही आणि लक्षणे दिसताच तपासणी करायला हवी. सिद्धान्त खरा असेल, तर त्यांची लक्षणे उशिरा बाहेर आली असण्याची शक्यता आहे. म्हणजे चुका दिसू लागल्या तेव्हा आतली झीज त्या चुकांच्या मानाने पुढे गेलेली असू शकते. दोन्ही वाटांनी गेलात तरी थांबण्याचे समर्थन कुठेच मिळत नाही. ‘उशिरा होतो’ या शब्दांनी दादा निश्चिंत झाले आहेत. पण लक्षणे उशिरा दिसणे आणि रोग उशिरा सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय चुकांचे स्वरूप पाहा. बिल दोनदा भरणे ही कोणाच्याही हातून होणारी चूक आहे. पण ज्याने उभा जन्म बँकेत हिशेब तपासले त्याच्या हातून ती झाली, की तिचे वजन वेगळे होते. तुलना शेजारच्या काकांशी न करता त्यांच्याच पाच वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करा. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर प्रसंग लिहून काढा: काय झाले, साधारण कोणत्या महिन्यात झाले, त्यांना स्वतःला ते लक्षात आले का, आणि आठवण करून दिल्यावर आठवले का. ही शेवटची बाब विसरू नका, कारण सूचना मिळाल्यावर आठवणे आणि प्रसंगच पुसला जाणे यांतला फरक तज्ज्ञांना बरेच सांगून जातो. त्यासोबत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. ज्यांना कानडी येत नाही त्यांच्याशी, उदाहरणार्थ तुमच्या मुलीशी, ते नकळत कानडीत बोलू लागतात का? बोलताना दोन भाषा मिसळणे आपल्याकडे अगदी स्वाभाविक आहे. परंतु समोरच्याला जी भाषा कळत नाही ती त्याच्याशी बोलत राहणे, आणि ते स्वतःच्या ध्यानात न येणे, हे अनेक भाषा बोलणाऱ्यांच्या स्मृतिभ्रंशात नोंदले गेलेले लक्षण आहे.

तपासणीतही वडिलांच्या भाषांचा विचार व्हायला हवा आणि तो तुम्हीच आवर्जून पुढे मांडा. चाचणी त्यांच्या सर्वांत सरावाच्या भाषेत व्हावी. त्यांची शाळा कानडीत झाली असेल तर पाढे आणि वजाबाकी ते आजही मनात कानडीतच करत असतील. अशा माणसाला शंभरातून सात-सात वजा करायला इंग्रजीत सांगितले, तर गुण उगाच कमी होतात. एका मिनिटात जितकी आठवतील तितक्या प्राण्यांची नावे सांगायची, असा एक भाग बहुतेक चाचण्यांत असतो. अनेक भाषा बोलणाऱ्या निरोगी माणसांनाही एकाच भाषेत अशी नावे सांगताना थोडे कमी गुण मिळतात आणि वस्तूचे नाव आठवायला किंचित जास्त वेळ लागतो, हे वारंवार दिसून आलेले आहे. द्विभाषिकतेच्या फायद्यांच्या बातम्यांत हा भाग सहसा येत नाही, पण या एका भागातल्या कमी गुणांवरून घाबरून जाऊ नये यासाठी तो तुम्हाला माहीत असलेला बरा.

याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. दहा मिनिटांत होणारी, तीस गुणांची छोटी चाचणी सुशिक्षित माणसाला सोपी जाते. तुमच्या वडिलांना तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळाले आणि ‘सगळे ठीक आहे’ असे कोणी सांगितले, तरी घरी चुका होत असतील तर तिथे थांबू नका. विस्तृत स्मृतिचाचणीची मागणी करा आणि सहा महिने ते वर्षभराने तीच चाचणी पुन्हा करून घ्या. त्यांचे आजचे गुण त्यांच्याच पुढच्या गुणांशी ताडून पाहता येणे, हे कोणत्याही सर्वसाधारण तक्त्यापेक्षा मोलाचे ठरते.

तपासणी लांबवू नये याचे आणखी एक कारण आहे, आणि दादांना तेच कदाचित सर्वांत लवकर पटेल. विसरण्यामागे अल्झायमरच असेल असे मुळीच नाही. जीवनसत्त्व ब१२ ची कमतरता, जी शाकाहारी घरांत बरीच आढळते, थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, नैराश्य, झोपेत श्वास अडखळणे, कमी ऐकू येणे, आणि ॲलर्जी, झोप किंवा लघवीच्या तक्रारींसाठी घेतलेल्या काही गोळ्या यांनीही स्मरण मंदावते. यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत आणि ते वेळेत सुरू झाले तर फरक पडतो. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूची प्रतिमा यांच्याबरोबर कानांचीही तपासणी करून घ्या, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, मधुमेह आणि श्रवणदोष यांचा स्मृतिभ्रंशाच्या धोक्याशी असलेला संबंध भाषांच्या संबंधापेक्षा कितीतरी अधिक पक्का आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोग्या धोक्यांची यादी दिली तेव्हा तिच्यात १४ बाबी होत्या; त्यांत हे तिन्ही आहेत, एकभाषिकता नाही.

बाबांना काय सांगायचे, याची तुम्हाला चिंता असेल. खोटे सांगून नेऊ नका. ‘रस्ता चुकलात तेव्हा आम्हाला काळजी वाटली; ब१२ कमी असले तरी असे होते, एकदा पाहून घेऊ’ हे वाक्य खरे आहे आणि त्यात भीती घालणारे काही नाही. दादांना शक्य असेल तर त्या दिवशी सोबत यायला सांगा.

आता मुलीच्या वर्गाविषयी. एकाग्रतेच्या दाव्यामागची कल्पना अशी आहे: दोन भाषा जाणणाऱ्याच्या मनात बोलताना दोन्ही भाषा जाग्या असतात, त्यांतली एक सतत बाजूला ठेवावी लागते, आणि या सरावामुळे नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करण्याची एकूण ताकदच वाढते. यातला पहिला भाग प्रयोगांनी चांगला सिद्ध झालेला आहे. वाद आहे तो शेवटच्या भागावर, म्हणजे भाषेच्या कामातला हा सराव गणिताच्या किंवा अभ्यासाच्या वेळी उपयोगी पडतो का यावर. तो मोजण्यासाठी संगणकावर साधे खेळ दिले जातात: पडद्यावर एका रंगासाठी डावे आणि दुसऱ्या रंगासाठी उजवे बटण दाबायचे, पण रंग मुद्दाम उलट्या बाजूला दाखवायचा. या गोंधळामुळे उत्तराला किती उशीर होतो, ते सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. २००४ साली अशाच एका गाजलेल्या अभ्यासात बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांना द्विभाषिकांचा हा उशीर कमी आढळला, विशेषतः वृद्धांमध्ये. त्यातल्या एका प्रयोगातले द्विभाषिक भारतात राहणारे तमिळ आणि इंग्रजी बोलणारे लोक होते आणि एकभाषिक कॅनडातले होते. दोन देश, दोन राहणीमाने, दोन शिक्षणपद्धती यांच्यातून फक्त भाषेचा परिणाम वेगळा काढणे किती कठीण आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

पुढे शंका वाढत गेल्या. केनेथ पाप आणि झॅकरी ग्रीनबर्ग यांनी २०१३ साली अनेक चाचण्या एकत्र घेऊन पाहिल्या आणि त्यांना सुसंगत असा फायदा आढळला नाही. २०१५ साली अँजेला द ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी वेगळ्याच बाजूने शोध घेतला. त्यांनी १९९९ ते २०१२ या काळात परिषदांमध्ये सादर झालेल्या, या विषयावरच्या १०४ संशोधनांचे सारांश गोळा केले आणि त्यांतली पुढे नियतकालिकांत किती छापली गेली ते मोजले. फायदा पूर्णपणे दाखवणाऱ्यांपैकी ६८ टक्के छापली गेली होती, तर फायद्याला पूर्णपणे विरोध करणाऱ्यांपैकी अवघी २९ टक्के. म्हणजे फायदा न आढळलेली कामे टेबलाच्या खणातच राहत होती आणि वाचणाऱ्याला चित्र एकतर्फी दिसत होते. फिनलंडच्या मिन्ना लेहटोनेन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रौढांवरचे १५२ अभ्यास एकत्र केले, तेव्हा सुरुवातीला दिसणारा छोटासा फायदा ही एकतर्फी छपाई हिशेबात धरल्यावर नाहीसा झाला.

तुमच्या मुलीच्या वयासाठी सर्वांत उपयुक्त अभ्यास मात्र अँथनी डिक आणि सहकाऱ्यांचा २०१९ सालचा आहे. अमेरिकेतील ९ आणि १० वर्षांच्या ४५२४ मुलांची माहिती त्यांनी तपासली. लक्ष आवरणे आणि एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवणे यांच्या चाचण्यांत द्विभाषिक मुलांना कोणताही फायदा आढळला नाही. इतकी मोठी संख्या असताना, आणि नेमक्या याच वयात, काही ठळक परिणाम असता तर तो दिसायला हवा होता. आणि ही मुले रोजच्या जगण्यात दोन भाषा वापरणारी होती. आठवड्यातून दोन तास चालणाऱ्या वर्गाकडून त्याहून जास्त अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

पुण्याच्या संदर्भात आणखी एक प्रश्न त्या वर्गचालकांना विचारता येईल. ज्या मुलीच्या घरी मराठी आहे, शाळेत इंग्रजी आहे आणि सोसायटीच्या आवारात हिंदी आहे, तिची तुलना ते कोणाशी करत आहेत? एकच भाषा बोलणाऱ्या मुलांशी तुलना करणारे सारे संशोधन तिला लागूच होत नाही, कारण ती आजच तीन भाषांत वावरते. चौथ्या भाषेने तिसरीपेक्षा लक्ष वाढते, असे दाखवणारा विश्वासार्ह पुरावा मला माहीत नाही.

जर्मन शिकू नये, असे मी अजिबात म्हणत नाही. पुण्यात ही भाषा शिकवण्याची जुनी आणि चांगली परंपरा आहे, मुलीला आवडत असेल तर तिला एका वेगळ्या साहित्याचे आणि पुढे शिक्षणाचे दार उघडेल, आणि त्यासाठी शुल्क भरणे योग्यच आहे. फक्त ते शुल्क जर्मनसाठी आहे हे लक्षात ठेवा आणि वर्षभराने तिला जर्मन किती आले यावर वर्गाची पारख करा. एकाग्रतेची जाहिरात वाचून तुम्ही थबकलात, त्याअर्थी तिचे लक्ष लागत नाही अशी काही काळजी मनात असेल, तर तिचे डोळे आणि कान तपासून घ्या, रात्री किती तास झोपते ते आठवडाभर लिहून ठेवा, आणि वर्गशिक्षिकांना विचारा की ती सगळ्याच विषयांत भरकटते की एखाद्याच विषयात. सगळीकडेच, घरी आणि शाळेतही, सहा महिन्यांहून अधिक काळ असे दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.